“काम मिळालंच नाही” म्हणणाऱ्या ग्राहकाला काय लिहायचं?

“मॅडम, मार्चमध्ये एका कारखान्याचे सोळा डक्ट कूलर सर्व्हिस केले. जुलै उजाडला, पैसे नाहीत. आता मेल आला की असं काम झालंच नाही, बिल मंजूर नाही. त्याइले काय उत्तर देऊ?”

हे विचारणारा तरुण नागपूरच्या मानेवाड्याचा. बुटीबोरीत दोन पोरं हाताशी घेऊन कूलरची कामं करतो. उत्तर त्याने मोबाइलमध्ये लिहूनच आणलं होतं. त्यात “तुमची नियत खराब आहे” असं एक वाक्य होतं आणि शेवटी “वाटल्यास थोडे कमी द्या” असं दुसरं. पहिल्याने समोरचा चिडला असता. दुसरं मला जास्त खटकलं. काम झालंच नाही म्हणणाऱ्याला सूट देऊ केली की त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे असं वाचलं जातं.

मी म्हटलं, भाऊ, मेल बाजूला ठेवा. मार्चची डायरी काढा.

असा मेल बहुधा लेखा विभागातून येतो. त्यांच्यापुढे फक्त बिल असतं. काम पाहिलेला माणूस वेगळा असतो. इथेही तेच निघालं. काम करवून घेणारा मेंटेनन्सचा सुपरवायझर मे महिन्यात नोकरी सोडून गेला होता, आणि सर्व्हिस रिपोर्टची मूळ प्रत त्याच्याच फाइलमध्ये होती. फसवायचा हेतू असेलही. पण उत्तर असं लिहायचं की नव्या माणसाला कागद तपासून बिल मंजूर करता यावं, आणि हेतू वाईट असेल तर पुढे तेच उत्तर पुरावा म्हणून चालावं.

मग तारखा मांडल्या. १८ ते २१ मार्च, चार दिवस. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिघांच्या येण्याजाण्याच्या नोंदी. पॅड आणि बेल्ट आत नेल्याचा गेट पास. बदललेल्या पॅडचे फोटो, व्हॉट्सॲपवर सुपरवायझरचं “ठीक आहे”. रिपोर्टची कार्बन प्रत.

ती प्रत मी मोजली. सह्या चौदाच मशीनसमोर होत्या.

पोरगा गप्प झाला. गच्चीवरच्या दोन कूलरचे पंप मिळाले नव्हते. “नंतर करू” म्हणून राहिले, आणि बिल मात्र सोळांचं गेलं. प्रत्येकी ५,००० प्रमाणे ८०,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४,४००. दोन मशीनचे ११,८०० त्याचे नव्हतेच. हे आपणच आधी लिहायचं, म्हटलं. त्यांनी शोधून काढलं तर उरलेल्या चौदांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट त्याने पाहिली नव्हती. मी त्याच्या सीएला फोन करून फॉर्म २६एएस उघडायला लावला. त्यात त्या कंपनीने ८०,००० वर १ टक्का, म्हणजे ८०० रुपये टीडीएस कापून भरल्याची नोंद होती. म्हणजे मार्चअखेर त्यांच्याच वह्यांत हे बिल चढलं होतं. याने काम चांगलं झालं हे सिद्ध होत नाही, पण “असं काम झालंच नाही” हे म्हणणं अवघड होतं.

मेलचं उत्तर असं गेलं, लेखा विभागाला आणि प्रत मेंटेनन्सच्या नव्या प्रमुखांना:

“आपला मेल मिळाला. १८ ते २१ मार्च या काळात १४ कूलरची सर्व्हिस झाली. सहीचा रिपोर्ट, गेट पास व फोटो सोबत आहेत. गच्चीवरील २ कूलरचे काम झालेले नाही. ते चुकून बिलात आले, त्याची ११,८०० रुपयांची क्रेडिट नोट जोडली आहे. या बिलावर आपण कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसतो. १४ पैकी कोणत्या मशीनचे काम मिळाले नाही असे आपले म्हणणे असल्यास मशीन क्रमांकासह ७ दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा ८२,६०० मधून टीडीएस वजा करून उर्वरित ८१,८०० रुपये जमा करावेत.”

लहान उद्योग म्हणून त्याची उद्यम नोंदणी कामाच्या आधीची होती. एमएसएमई कायद्यात काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर ते स्वीकारलं असं धरतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी पैशांची मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. हे पहिल्याच उत्तरात घालायचा त्याचा आग्रह होता. मी थांबवलं. कायद्याचं कलम वाचलं की मेल वकिलाकडे जातो आणि दोन महिने तिथेच पडतो; सात दिवसांत काही आलं नाही तर दुसऱ्या पत्रात ते लिहायचं ठरलं.

दुसरं पत्र लागलं नाही. सहाव्या दिवशी मेंटेनन्सच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांनी गेटचं रजिस्टर स्वतः पाहिलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ८१,८०० खात्यात आले. गच्चीवरचे दोन कूलर त्याने पुढे वेगळ्या बिलावर केले. त्या रिपोर्टवर नव्या सुपरवायझरची सही आहेच, शिवाय त्याच संध्याकाळी रिपोर्टचा फोटो लेखा विभागाला मेलही केला.