मराठी शाळा, एबीसीडी आणि खोडलेलं PK

प्रश्न: अक्षरमालिकेत गाळलेली अक्षरं, एक सोडून एक उड्या आणि उलट्या जोड्या पटकन कशा ओळखायच्या? माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, म्हणून अडतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही. हीच शंका माझ्या मामाने वीसेक वर्षं मला ऐकवली आहे, त्यामुळे हात शिवशिवले आणि लिहायला बसलो.

मी डिचोलीकडचा. प्राथमिक शाळा मराठी, एबीसीडीशी गाठ उशिराच पडली. मामा म्हापशाला, त्याचा मुलगा पहिल्यापासून इंग्रजी शाळेत. आम्ही दोघे एकाच वर्षी कारकुनाच्या एका परीक्षेला पणजीला बसलो. पेपरात ही मालिका होती:

B Y D W G T K P ? ?

पर्याय होते PL, PK, OL आणि QJ.

मी सरळ शेजारच्या अक्षरांतलं अंतर काढायला लागलो. B पासून Y पर्यंत २३ पुढे, Y वरून D ला २१ मागे, मग १९ पुढे, १६ मागे. सगळा गोंधळ. पण खूण नेमकी या गोंधळातच असते. उडी एकदा पुढे, एकदा मागे अशी हेलकावे खात असेल, तर ती एक मालिका नसते, दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या असतात. लगेच एक सोडून एक अक्षर वेगळं लिहायचं. वरच्या ओळीत B D G K, खालच्या ओळीत Y W T P.

आता अक्षरांचे क्रमांक लावा. सगळे २६ पाठ असतील तर उत्तम, नसतील तर E, J, O, T, Y म्हणजे ५, १०, १५, २०, २५ एवढे पाच खुंटे पुरतात. K हे J च्या पुढचं, म्हणून ११. W हे Y च्या दोन घरं मागे, म्हणून २३. वरची ओळ झाली २, ४, ७, ११. उड्या २, ३, ४ च्या, म्हणून पुढची ५ ची. ११ आणि ५ मिळून १६, म्हणजे P. खालची ओळ २५, २३, २०, १६ अशी उतरते, तिथेही पुढची उडी ५ ची, म्हणजे ११, K. उत्तर PK.

पडताळाही फुकटात मिळतो. B आणि Y ची बेरीज २७, D आणि W ची २७, G-T ची २७, K-P ची २७. एक टोक १, दुसरं २६, म्हणून दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असलेल्या कुठल्याही जोडीची बेरीज २७ येणारच. उलटी जोडी ओळखायची ती अशी. Z पासून उलटं पुटपुटत बसू नका, २७ मधून वजा करा. P आणि K ची बेरीजही २७. म्हणजे दोन वाटांनी उत्तर एकच.

आणि तरी मी PK खोडलं. कारण त्याच्या आधीची जोडी KP होती. वाटलं, तीच जोडी उलटी करून कोण परत देईल? घोळ आहे कुठेतरी. मी OL भरलं. O-L ची बेरीजही २७ येते, फक्त वरच्या ओळीत ५ ची उडी हवी होती तिथे ४ चीच पडते. तेवढं मी डोळ्यांआड केलं. खरं तर मालिकेने M आणि N च्या मधली हद्द ओलांडली की जोडी उलटणारच. पहिलं अक्षर तोवर १३ च्या आत असतं, ते आता पलीकडे जातं. उत्तर ओळखीचं दिसतं म्हणून चूक ठरत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मामेभावाला विचारलं. त्याने PL भरलं होतं! P पर्यंत तो बरोबर पोचला होता, पण मागे जाताना त्याने P, O, N, M, L अशी पाच बोटं मोजली. ज्या अक्षरावर उभे आहात ते मोजायचं नसतं. हीच चूक गाळलेल्या अक्षरांत सगळ्यांत जास्त होते. मधली दोन अक्षरं गाळली म्हणजे उडी तीनची असते. बसमध्ये मधले दोन थांबे सोडले की आपण तिसऱ्यावर उतरतो, तसं.

म्हापशाला पोचल्यावर मामाने दोघांची उत्तरं ऐकली आणि निकाल देऊन टाकला, ‘तुका एबीसीडी येना, म्हणून चुकलो.’ आणि त्याच्या मुलाला? तो म्हणे ‘घाईत’ चुकला. माझं मत आजही तेच आहे. गाण्यासारखी पाठ झालेली एबीसीडी या प्रश्नांत आड येते. P च्या आधी काय, हे सांगायला भावाला A पासून सुरुवात करावी लागायची, आणि गाणं मागे चालत नाही. माझ्याकडे गाणं नव्हतं, म्हणून मी क्रमांक शिकलो. बेरीज-वजाबाकी मराठीत केली काय, इंग्रजीत केली काय, २७ मधून १६ गेले की ११ च उरतात.

तर सवय लावायची ती एवढीच. आधी शेजारची अंतरं बघा. ती ठरावीक वाढत असतील तर एकच मालिका आहे, गाळलेली अक्षरं मोजा आणि पुढे चला. हेलकावे दिसले तर ओळी दोन करा. मग बेरीज २७ येते का ते तपासा. Z च्या पुढे गेलात तर २६ वजा करा: X हे २४, त्यात ५ मिळवले तर २९, म्हणजे ३, C.

पण हे सगळं चार-पाच पदं दिलेली असतील तरच. A B D ? एवढंच दिलं असेल तर उड्या १, २, ३ धरून G येतं आणि दुप्पट-दुप्पट धरलं तर H येतं. दोन्ही बरोबर. तिथे पर्याय बघूनच ठरवायचं, नियम शोधत बसायचं नाही. आणि प्रत्येक मालिका या साच्यात बसत नाही. काही फक्त स्वरांवर असतात, काहींत अक्षरांबरोबर आकडेही येतात.

एक गोष्ट राहिली, ती लपवत नाही. त्या परीक्षेत भावाला नोकरी लागली, मला नाही. मला पुढच्या खेपेला लागली. मामा आजही जेवताना पहिलं वाक्य सांगतो, दुसरं मला स्वतःला सांगावं लागतं. पण PL चूकच होतं.