पिकिंग आणि पॅकिंग एकाच पूलमध्ये टाकायचं का?

प्रश्न: तुर्भ्याला आमचं छोटं गोडाऊन आहे. दोन पार्ट्यांचा माल सांभाळतो, एक हार्डवेअरवाली, दुसरी ऑनलाइन कॉस्मेटिक्स विकणारी. आत्तापर्यंत सगळा खर्च आवक पेट्यांवर वाटत होतो. आता एबीसी, म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च वेगळा काढून ते काम जो जितकं वापरतो त्याप्रमाणे वाटायची पद्धत, करायला घेतलंय, पण कामांची यादीच सतरा-अठरा ओळींची झाली. कुठली कामं एकत्र करायची आणि ड्रायव्हर, म्हणजे खर्च वाटायचं माप, कुठला धरायचा?

उत्तर: कामं एकाच टेबलावर होतात किंवा तीच माणसं करतात, म्हणून ती एका पूलमध्ये, म्हणजे एकाच मापाने वाटायच्या खर्चाच्या गठ्ठ्यात, टाकू नका. दोन्ही पार्ट्या ती कामं एकाच प्रमाणात वापरतात का, आणि ते प्रमाण एकाच कारणाने हलतं का, एवढं तपासा. दोन्हीला हो असेल तरच एकत्र करा.

हिशेबाला सोपे पडतील असे आकडे धरतो. महिन्याला आवक ४,००० पेट्या, त्यात हार्डवेअरच्या ३,००० आणि कॉस्मेटिक्सच्या १,०००. ऑर्डर हार्डवेअरच्या ४००, कॉस्मेटिक्सच्या ३,६००. ऑर्डरमधल्या लाइनी, म्हणजे वेगवेगळ्या वस्तूंच्या नोंदी, अनुक्रमे ४,००० आणि ६,०००.

गाडी खाली करायला ६०,००० रुपये आणि माल रॅकवर लावायला ४०,००० रुपये लागतात. दोन्ही कामं पेट्यांमागे चालतात, प्रमाण ७५:२५. म्हणजे एक पूल, पेटीला २५ रुपये. (हमाली टनावर ठरली असेल तर मात्र उतरवणं वेगळं काढा. खिळ्यांची पेटी आणि लिपस्टिकची पेटी तिथे सारखी नाही. हमालीचा दर कशावर ठरलाय ते बघितलं की ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.)

खरी गडबड जावकीत होते. पिकिंगचा खर्च १,२०,०००, पॅकिंगचा ८०,००० आणि बिल-चलनाचा ४०,००० धरू. बरेच जण हे सगळं ‘डिस्पॅच’ नावाच्या एका पूलमध्ये ढकलतात आणि ऑर्डरवर वाटतात. २,४०,००० भागिले ४,००० म्हणजे ऑर्डरला ६० रुपये, हार्डवेअरच्या वाट्याला फक्त २४,०००. पण पिकिंगवाला ऑर्डरसाठी फिरत नाही, लाइनीसाठी फिरतो. हार्डवेअरच्या एका ऑर्डरला सरासरी दहा लाइनी, म्हणजे दहा वेळा रॅकशी थांबणं. कॉस्मेटिक्सला दोनसुद्धा भरत नाहीत. पिकिंग लाइनीवर वाटलं (लाइनीला १२ रुपये) आणि बाकीचं ऑर्डरवर (ऑर्डरला ३० रुपये), की हार्डवेअरचे ४८,००० अधिक १२,००० मिळून ६०,००० होतात. एका चुकीच्या पूलने ३६,००० रुपये दुसऱ्या पार्टीच्या डोक्यावर गेले होते. उलट सगळं लाइनीवर वाटलं असतं तर हार्डवेअरवर ९६,००० बसले असते, म्हणजे तेवढीच चूक दुसऱ्या दिशेने.

आता पॅकिंग आणि बिल-चलन. दोन्ही ऑर्डरवर चालतात, म्हणून वरवर जोडी जमते. पण ऑर्डर मोजणं म्हणजे प्रत्येक ऑर्डरला सारखेच कष्ट पडतात असं मानणं. बिलाला ते ठीक आहे. पॅकिंगच्या टेबलाशी आठवडाभर घड्याळ लावून बघा. समजा हार्डवेअरची ऑर्डर पट्टी मारून बांधायला १२ मिनिटं लागतात आणि कॉस्मेटिक्सचं पार्सल ४ मिनिटांत होतं. मग मिनिटं होतात ४,८०० आणि १४,४००, म्हणजे २५:७५. पॅकिंगच्या ८०,००० मधले हार्डवेअरवर आधी ८,००० जात होते, ते आता २०,००० झाले.

रोज मिनिटं लिहायची गरज नाही. हार्डवेअरची एक ऑर्डर तीन पार्सलांइतकी धरा आणि पॅकिंगचा पूल त्या वजनी संख्येवर वाटा. ऑर्डरची संख्या सॉफ्टवेअरमधून फुकट मिळते, त्यामुळे मोजणीचा खर्च वाढत नाही. पार्टीने पॅकिंगची पद्धत बदलली की हे तीनचं वजन मात्र पुन्हा तपासा.

आवक, पिकिंग, पॅकिंग, बिल असे चार पूल झाले. हार्डवेअरचा एकूण आकडा ७५,००० + ४८,००० + २०,००० + ४,००० = १,४७,००० रुपये, कॉस्मेटिक्सचा १,९३,०००. हाच ३,४०,००० चा खर्च तुमच्या जुन्या पद्धतीने पेट्यांवर वाटला तर हार्डवेअरवर २,५५,००० बसतात. ती पार्टी ‘तुमचे दर जास्त आहेत’ म्हणत असेल तर तिचं बरोबर आहे.

भाड्याच्या बाबतीत एक फसवी गोष्ट होते. या महिन्यात पॅलेटच्या जागासुद्धा ७५:२५ भरलेल्या दिसतील आणि भाडं आवकीच्या पूलमध्ये घालायचा मोह होईल. तसं करू नका. आवक पेट्या आल्याने वाढते, भाडं माल पडून राहिल्याने. दिवाळीआधी कॉस्मेटिक्सचा साठा चढला की जागांचं प्रमाण बदलेल, आणि एकत्र केलेला पूल ते दाखवणारच नाही. दरही भरलेल्या जागांवर काढू नका, वापरता येण्यासारख्या सगळ्या जागांवर काढा. रिकाम्या जागांचं भाडं पार्ट्यांवर न टाकता वेगळ्या ओळीत दाखवा.

वॉचमन, सुपरवायझरचा पगार, विम्याचा हप्ता यांना ओढूनताणून ड्रायव्हर शोधू नका. गोडाऊन उघडं ठेवायचा तो खर्च आहे. पार्टीवार नफा काढताना तो खाली एकरकमी वजा करा.