निमंत्रणपत्रात नेमके काय असावे : तारखांच्या चुकीने व्हिसा गमावलेल्या एकीचे उत्तर

प्रश्न : «भावाकडे युरोपात दोन-अडीच महिने राहायला जायचे आहे. तो म्हणतो, पत्रात काय लिहायचे ते तूच सांग. व्हिसा केंद्राच्या यादीत नुसते ‹निमंत्रणपत्र› एवढेच लिहिले आहे. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीच्या तिकडच्या शाखेचेही पत्र लागणार आहे. कोणी नेमके सांगेल का?»

यादीतला तो एकच शब्द वाचून मला माझा पहिला अर्ज आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी वकील नाही, एजंटही नाही. मी लिहिते आहे ते शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाच्या, दोन अर्जांच्या अनुभवावरून, त्यांतला एक नामंजूर झाला होता. तुम्ही जाणार त्या देशाच्या दूतावासाची सूचना यापेक्षा वेगळी असेल, तर अर्थातच तीच प्रमाण माना. अर्ज, अपॉइंटमेंट, फोटो वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊकच असणार, त्यामुळे त्या सोडून देते.

माझी धाकटी बहीण शेंगेन गटातल्या एका देशात राहते. तिने पहिल्या वेळी दीड पानाचे फार सुंदर पत्र लिहिले होते. आमचे लहानपण, चार वर्षांत न झालेली भेट, तिच्या मुलांना मावशी नुसती पडद्यावर ठाऊक असणे, हे सारे त्यात होते. मुद्द्याचे वाक्य मात्र एकच होते : «ताई जून ते ऑगस्ट असे तीन महिने आमच्याकडे राहील.» ते वाचून मला भरून आले आणि मी ते तसेच अर्जाला जोडले. माझी सगळ्यांत महागात पडलेली चूक ती हीच.

शेंगेन नियमानुसार कोणत्याही १८० दिवसांच्या कालखंडात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि त्यात पोहोचण्याचा दिवस व निघण्याचा दिवस हे दोन्ही मोजले जातात. नियम दिवसांचा आहे, महिन्यांचा नाही. आता जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३१ दिवस मिळवा, बेरीज ९२ होते. १ जूनला पोहोचणाऱ्या माणसाचा नव्वदावा दिवस २९ ऑगस्टला येतो. माझ्या तिकिटाच्या आरक्षणावर परतीची तारीख ३१ ऑगस्ट होती, अर्जात मुक्कामाचे दिवस म्हणून मी ९० लिहिले होते, आणि विमा ९० दिवसांचाच घेतल्यामुळे तो २९ तारखेला संपत होता. म्हणजे एकाच फायलीतले दोन कागद ९२ दिवस सांगत होते, दोन ९० सांगत होते, आणि शेवटच्या दोन दिवसांना विमाच नव्हता. तपासणाऱ्याला यातले खरे काय ते कसे कळावे?

त्यात आणखी एक भर पडली होती. बहिणीने पत्रात «सर्व खर्च आम्ही करू» असे लिहिले होते, तर मी अर्जात स्वतःच्या खर्चाच्या चौकटीत खूण करून माझे बँकेचे उतारे जोडले होते. दोघींचेही मन मोठे होते, पण कागदावर ती सरळ विसंगती होती.

अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, नाव मात्र घेणार नाही. पत्रात नेमके काय हवे असे मी आधी दोनदा फोन करून विचारले, तेव्हा «सगळे संकेतस्थळावर दिले आहे» एवढेच उत्तर मिळाले, आणि संकेतस्थळावर तुम्हाला दिसला तोच एक शब्द होता. खिडकीवरच्या माणसाने पत्र न उघडता यादीतल्या ‹निमंत्रणपत्र› या ओळीपुढे खूण केली आणि पुढचा कागद मागितला. मला वाटले, पत्र तपासून झाले. तो कागद आहे की नाही एवढेच पाहत होता, कागदात काय आहे ते पाहणे त्याचे कामच नव्हते. निर्णय घेणारे वेगळे असतात आणि त्यांच्याशी आपली गाठ बहुधा पडत नाही, हे मला नंतर समजले. नकाराच्या छापील नमुन्यात मुक्कामाचा उद्देश आणि परिस्थिती यांबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, अशा अर्थाच्या चौकटीत खूण होती. फी परत मिळत नाही, ती गेलीच. तारखांमुळेच नकार मिळाला असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण नमुन्यात याहून जास्त काही सांगत नाहीत. पण सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडून, कॅलेंडरवर पेन्सिलीने दिवस मोजले, तेव्हा मला दुसरे कारण शोधावेसे वाटले नाही.

दुसऱ्या वेळी पत्राचा मसुदा मीच केला आणि बहिणीकडून तो तपासून, तिच्या सहीने मागवला. तुम्हीही भावाला «एक पत्र पाठव» असे मोघम सांगू नका, सगळे भरलेला मसुदाच पाठवा. पत्र एका पानाचे, इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत असावे, त्यावर तारीख असावी आणि ते दूतावासाच्या व्हिसा विभागाला उद्देशून लिहिलेले असावे. आमच्या पत्राचा गाभा मराठीत सांगायचा तर असा होता : «माझी सख्खी मोठी बहीण (पासपोर्टवरचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सध्याचा पत्ता, फोन) ही ५ सप्टेंबर ते ३ नोव्हेंबर या काळात, दोन्ही दिवस धरून ६० दिवस, कौटुंबिक भेटीसाठी येत असून, या संपूर्ण काळात ती माझ्या खालील पत्त्यावर राहील. तिचा प्रवास आणि विमा यांचा खर्च ती स्वतः करील. निवास आणि जेवणखाण यांचा खर्च मी करीन. ३ नोव्हेंबरला ती परत जाईल.» दिवस पुन्हा मोजून पाहा : सप्टेंबरचे २६, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३. हाच आकडा अर्जात, आरक्षणात आणि विम्यात यायला हवा. विमा दोन दिवस जास्तीचा घेतला तर काही बिघडत नाही, कमी पडता कामा नये. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही, म्हणून तारखा पक्क्या करून मगच पत्र मागवा. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही शेंगेन देशांत जाऊन आला असाल, तर ते दिवसही या ९० मधून वजा होतात.

त्याखालच्या परिच्छेदात बहिणीने स्वतःची माहिती दिली : पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, ईमेल, नोकरी आणि हुद्दा, आणि ती तिथे कोणत्या परवान्यावर राहते व त्याची मुदत कधीपर्यंत आहे. ही मुदत तुमच्या मुक्कामाच्या मध्येच संपत असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज केल्याची पावती भावाला जोडायला सांगा. भावाने नुकतेच घर बदलले असेल, तर पत्रातला पत्ता आणि त्याच्या रहिवासाच्या नोंदीतला पत्ता एकच आहे ना, हेही विचारा.

नाते नेमके लिहा. तुमचा «भाऊ» सख्खा आहे की मामेभाऊ, हे तुम्ही लिहिलेले नाही. बोलताना आपण दोघांनाही भाऊच म्हणतो, पण पत्रात नुसते भाऊ लिहिले आणि जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावे वेगळी निघाली, तर खऱ्या नात्यावरच संशय येतो. लग्नानंतर तुमचे नाव बदलले असेल, तर जुन्या आणि नव्या नावाची सांगड घालणारा कागदही सोबत ठेवा.

सहीच्या बाबतीत एक सुचवते : भावाने हाताने सही करून मूळ पत्र टपालाने पाठवावे आणि स्कॅनही पाठवावे. पत्रासोबत त्याच्या पासपोर्टची आणि परवान्याची प्रत हवी, आणि तो खर्च उचलणार असेल तर पगाराच्या पावत्याही. या पावत्या मागताना नातेवाईक अवघडतात. माझ्या मेहुण्यांना तर आधी रागच आला होता. मी त्यांना सांगितले, «तुमच्यावर अविश्वास म्हणून मागत नाही. ‹खर्च मी करीन› हे वाक्य पुराव्याशिवाय मोजलेच जात नाही.» मग त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवल्या.

देशानुसार साधे पत्र पुरते की नाही, हे आधी पाहा, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया जाईल. फ्रान्समध्ये पाहुण्याला घरी ठेवायचे असेल, तर यजमानाला आपल्या नगरपालिकेकडून ‹आतेस्तासिओं दाक्यॉय› हा प्रमाणित दाखला घ्यावा लागतो. जर्मनीत यजमान खर्चाची हमी घेणार असेल, तर तो परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन अधिकृत हमीपत्र करतो आणि त्याची मूळ प्रत अर्जासोबत दाखवावी लागते. अशा कागदांना वेळ लागतो, म्हणून भावाला त्याची अपॉइंटमेंट तुमच्या आधी घ्यायला सांगा. युरोपाबाहेरची गोष्ट अजून निराळी आहे. कॅनडाच्या पत्रात यजमानाच्या घरात एकूण किती माणसे राहतात हेही लिहावे लागते, आणि अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला निमंत्रणपत्र लागतच नाही.

तुमच्या पतींच्या कंपनीच्या पत्राबद्दल थोडेच लिहिते, कारण ते मी दुरून, माझ्या नवऱ्याच्या वेळी पाहिले आहे. ते कंपनीच्या लेटरहेडवर असावे आणि त्यावर सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, थेट फोन व ईमेल असावा. त्यात पतींचा पासपोर्ट क्रमांक, त्यांचा इथला हुद्दा, दोन्ही कंपन्यांचा संबंध, भेटीच्या तारखा, कोणत्या पत्त्यावर कोणत्या बैठका आहेत, आणि प्रवास, हॉटेल व दैनंदिन भत्ता यांपैकी काय कोण देणार, हे यावे. इथल्या कंपनीच्या रजेच्या किंवा दौऱ्याच्या पत्रातही हेच लिहिलेले हवे. एक शब्द मात्र सांभाळा. तिकडचे व्यवस्थापक सहज लिहून जातात की हे आमच्या टीमसोबत «काम करायला» येत आहेत. व्यवसायभेटीच्या व्हिसावर बैठका आणि चर्चा चालतात, तिथल्या कंपनीसाठी प्रत्यक्ष काम करायचे असेल तर बहुधा वेगळा परवाना लागतो. ते खरोखर कामालाच जात असतील, तर शब्द बदलून पाठवू नका, योग्य व्हिसाचा अर्ज करा. माझे हे मत काहींना कडक वाटेल, पण खोट्या उद्देशाचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जाला आडवा येतो.

आणि व्हिसा मिळाला म्हणून पत्र फायलीत ठेवून देऊ नका. मी मूळ पत्राची एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवली होती, सामानात नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने कुठे राहणार आणि किती दिवस, हे दोनच प्रश्न विचारले. मी साठ दिवस म्हणाले आणि पत्र पुढे केले. त्याने तारखांवरून बोट फिरवले, परतीचे तिकीट पाहिले आणि शिक्का मारला.