रांगोळीच्या शॉर्टमधली एकच टिप

«पाडव्याच्या रांगोळीचा फास्ट व्हिडिओ टाकते. पाकळ्या सारख्या याव्यात म्हणून एक टिप बोलायची आहे. कुठली बोलू? मागच्या वेळी बोलले, पण बघणाऱ्यांना कळलंच नाही.»

सहा पाकळ्यांची रांगोळी घ्या आणि दोऱ्याची टिप सांगा. मी ठाण्यात चरईत राहते, दारापुढच्या पॅसेजमध्ये दर पाडव्याला हीच काढते. दोऱ्याचं एक टोक मध्यावर बोटाने दाबायचं, दुसऱ्याला खडू बांधून 9 इंचांवर वर्तुळ काढायचं. मग तोच दोरा, तेवढाच लांब, वर्तुळावर एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत ताणत जायचं. बरोबर सहा वेळा बसतो आणि सहावा पहिल्या खुणेवर येऊन टेकतो. प्रत्येक खूण म्हणजे एका पाकळीचं टोक. मोजपट्टी लागत नाही.

नाही टेकला, तर दोरा ताणला गेलाय. लोकरीचा घेतला की हमखास होतं. दर वेळी 5 मिलिमीटर वाढला तरी शेवटी 3 सेंटीमीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो सगळा एकाच पाकळीच्या वाट्याला येतो. म्हणून मी गोधडीचा दोरा वापरते.

आता तुमची टिप का कळली नाही ते. माझी रांगोळी 35 मिनिटांची. 60 पट वेगाने 35 सेकंदांत संपते. खुणा करायला लागतात 45 सेकंद, म्हणजे व्हिडिओत एक सेकंदसुद्धा नाही! तुम्ही दोऱ्याबद्दल बोलत असता तेव्हा पडद्यावर पिवळा रंग भरणं चाललेलं असतं. तेवढा तुकडा 4 पटच ठेवा, 11 सेकंद मिळतात. त्यात निवांत बसणारं वाक्य: «ज्या दोऱ्याने वर्तुळ काढलं, त्याच दोऱ्याने वर्तुळावर सहा खुणा करा, सहाही पाकळ्या सारख्या अंतरावर येतील.» बाकी पूर्ण व्हिडिओत गप्प राहा.

यासाठी फोनचा टाइमलॅप्स मोड नको. तो मधल्या फ्रेम घेतच नाही, नंतर वेग कमी केला की हात उड्या मारताना दिसतो. साधा व्हिडिओ घ्या, वेग एडिटिंगमध्ये वाढवा. फोनवर दोन-चार जीबी जागा मोकळी लागेल.

आणि फोन बरोबर वरून हवा. पहिल्या वर्षी मी स्टँड तिरका लावला. रांगोळी चोख होती, पण व्हिडिओत वर्तुळ अंड्यासारखं आलं, आणि नणंदेने विचारलं, «वहिनी, मध्येच कललीस का गं?» तेव्हापासून शेजारच्या काकूंकडून दोन उंच स्टुलं आणते, त्यांवर पडद्याचा रॉड आडवा टाकते आणि फोन त्याला बांधते. सुरू करण्याआधी जमिनीवर एक ताट ठेवून बघते. ते पडद्यावर गोल दिसलं की मगच गेरू.