फरशीवरच्या चित्राचे पाय कुठल्या बाजूला आहेत, ते आधी बघा

"आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिऑक या प्राचीन शहरातल्या एका रोमन घराच्या फरशीवरच्या मोझेइकचा संग्रहालयातला फोटो माझ्याकडे आहे. त्यात ग्रीक वीर हेराक्लीस आणि दारूचा देव डायोनिसस यांची दारू पिण्याची पैज आहे. म्हणजे ती जेवणाची खोली होती आणि मालक दारूचा शौकीन होता, असं लिहिलं तर चालेल का?"

खोलीबद्दलचा अंदाज बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. मालकाबद्दलचं वाक्य मात्र काढून टाका.

चित्राचा विषय खोली ठरवत नाही, फरशीची मांडणी ठरवते. रोमन जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना पलंग मांडायचे, एकेकावर तिघं आडवे व्हायचे. पलंगाखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर महागडं चित्र कोण करणार? तिथे साधी भौमितिक नक्षी किंवा कोरा पट्टा असतो, एक-सव्वा मीटर रुंदीचा, तीन भिंतींना लागून. चित्रं येतात दारापाशी आडवी आणि मधे आत शिरलेली. वरून पाहिलं तर इंग्रजी टी हे अक्षर यू च्या कवेत बसल्यासारखं दिसतं. हा आकार दिसला की फरशीवर चित्र नसलं तरी ती जेवणाची खोली म्हणायला हरकत नाही. निजायच्या खोलीतही हेच: एका टोकाला नक्षी बदलते, पलंगाएवढा चौकोन साधा राहतो, आणि पुष्कळदा त्याच रेषेवर भिंतीच्या रंगकामाचीही विभागणी बदलते. भिंत आणि फरशी एकाच जागी बदलत असतील, तर तिथेच पलंग होता असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं.

आता तुमचं मोझेइक. हे घर 1932 मध्ये खणलं गेलं आणि त्याच्या एकाच जेवणघरातले तुकडे वेगवेगळ्या संग्रहालयांत गेले. पैजेचं चित्र अमेरिकेत वुस्टरला, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्या निवाड्याचं चित्र लूव्र संग्रहालयात. पैजेचं चित्र दाराजवळ होतं आणि आत येणाऱ्याला सुलटं दिसेल असं बसवलेलं होतं. डायोनिससने प्याला उपडा धरलाय, रिकामा झाला हे दाखवायला. हेराक्लीस अजून पितोच आहे. पाहुणा उंबरा ओलांडतो तेव्हा त्याच्या पायापाशी हे येतं. म्हणून मी ते मालकाच्या सवयीचं चित्र न मानता पाहुण्यांना केलेली थट्टा मानतो: या, प्या, पण देवाशी पैज लावू नका. हे माझं मत, पुरावा नव्हे.

मालकाचा शौक का काढून टाका? हीच पैज गॅलिलीतल्या सेफोरिसच्या एका घरातही जेवणघराच्या फरशीवर आहे. दोन शहरांत, दोन वेगळ्या घरांत तोच विषय तशाच खोलीत आला, की तो कारागिरांच्या नेहमीच्या यादीतला होता हे उघड आहे. मालकाने यादीतून काय उचललं आणि कुठे बसवलं, एवढीच त्याची आवड आपल्याला दिसते.

माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते दिशेपायी. एका संग्रहालयाच्या कार्यालयाला मी चित्र फरशीत कुठल्या बाजूला तोंड करून होतं ते विचारलं. उत्तरात लांबी, रुंदी आणि "सुलट करून" लावलेला फोटो आला, तोही महिन्यांनी. तो खरा धरून मी अख्खी खोली उलटी वाचली: दार मागच्या भिंतीत, पलंग दारात. आपण जे जपतो ते कसं सापडलं, हे नोंदवायला एक बाण पुरतो, आणि तो बाणच ठेवलेला नसतो! तुम्ही उत्खननाचा आराखडा मागा. त्यात उंबरा शोधा, कोरा पट्टा शोधा, मग प्रत्येक आकृतीचे पाय कुठे आहेत ते बाणाने लिहा. फोटो शेवटी.

भिंतींच्या बाबतीत जाता जाता एक सांगतो. चित्रशैलीचं वय म्हणजे रहिवाशांच्या आवडीचं वय नव्हे. पॉम्पेईतल्या हाउस ऑफ द फॉनमध्ये ख्रिस्तपूर्व 2ऱ्या शतकातलं, संगमरवरी चिऱ्यांची नक्कल करणारं गिलावाकाम इसवी सन 79 पर्यंत, म्हणजे ज्वालामुखीने शहर गाडेपर्यंत जपलं होतं, शेजारीपाजारी नव्या शैली येऊन गेल्या तरी. एवढं मोठं घर पैशाअभावी जुनं राहिलं असं मला वाटत नाही. जुनं घराणं दाखवायची ती पद्धत असावी. पण याच शहरात सजवलेल्या खोल्यांत त्या वर्षी बांधकामाचं सामान पडलेलंही सापडलंय, तेव्हा भिंत कशासाठी रंगवली आणि शेवटी खोलीत काय चालायचं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

हे पट्ट्याचं गणित इसवी सनाच्या 2ऱ्या शतकापासूनच्या पूर्वेकडच्या आणि आफ्रिकेतल्या घरांना नीट लागू पडतं. पॉम्पेईत पुष्कळ फरशा साध्या काळ्या-पांढऱ्या आहेत, तिथे पट्टा पुसट असतो. मग भिंतीवरची विभागणी आधी मोजा.