टॉवेल वेगळे करू नका, मलम मात्र मोजून लावा

प्रश्न: सासूबाईंच्या दोन्ही कोपरांवर सोरायसिस आहे आणि माझ्या चार वर्षांच्या मुलाला इसब. त्यांच्यामुळेच त्याला झालं का? टॉवेल-अंथरूण वेगळं करू का? मलम किती लावायचं?

नाही, त्यांच्यामुळे झालेलं नाही. नातवाला मांडीवर खुशाल घेऊ द्या. मी त्वचारोगांवर उपचार करते. सोरायसिसच्या आजीचं ताट वेगळं मांडलेलं ऐकलं की फार वाईट वाटतं.

एकाचं दुसऱ्याला लागायला जंतू लागतो. नायट्यात बुरशी असते, खरजेत किडा असतो, म्हणून ते पसरतात. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला घाई करायला लावते. एरवी नवी त्वचा तळातून वर यायला साधारण महिना लागतो, इथे ती काही दिवसांतच वर येते आणि चंदेरी पापुद्र्यांचा थर साचतो. गादीवर पडणारा तो भुसा म्हणजे नुसती मेलेली त्वचा. इसबात त्वचेचं कवच कच्चं असतं. ओलावा टिकत नाही, साबण-घाम आत झोंबतो आणि खाज सुटते. मुलांमध्ये ते बहुधा कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत दिसतं. दोन्हींचा कल घराण्यातून येऊ शकतो, स्पर्शातून नाही. मात्र इसबावर पिवळी ओलसर खपली धरली किंवा पू आला, तर वरून जंतुसंसर्ग झालाय. तेव्हा लगेच दाखवा.

आता मलम. बहुतेक जण स्टिरॉइडच्या धास्तीने ते पुसटसं फिरवतात आणि मग म्हणतात, गुण येत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. समजा, सासूबाईंच्या प्रत्येक कोपरावर एका तळहाताएवढा चट्टा आहे. मग दोन्ही मिळून एकच रेघ. दिवसातून एकदा सांगितलं असेल, तर 15 ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाते. तीन महिने पुरली तर कमी लावताय, आठवड्यात संपली तर जास्त. मुलालाही माप तुमच्याच बोटाचं आणि तुमच्याच तळहाताचं, पण मलम त्याचंच. आजीचं जोरकस मलम त्याला लावू नका. मुलाची त्वचा त्याने पातळ होते.

मॉइश्चरायझरला मात्र हात आखडू नका. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच सगळीकडे लावा. स्टिरॉइड अर्ध्या तासाच्या अंतराने, फक्त चट्ट्यावर. आणि औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेलं 'खाजेचं मलम' नको. त्यात बरेचदा तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो.

चट्टा सपाट झाला की सासूबाईंचं मलम एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून दिवसाआड करत कमी करा. एकदम थांबवल्यावर सोरायसिस पूर्वीपेक्षा जोरात उलटलेला मी पाहिलाय.