वायरलेस पॅडवर फोन चार्ज होत नाही
पॅडचा लाईट लुकलुकतो पण चार्जिंग होत नाही. जाड कव्हर आहे, आत कारच्या मॅग्नेट होल्डरची चकती आहे. पॅड खराब झालाय का?

पॅड बहुतेक ठीक असेल, आधी ती चकती काढा. पॅडच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडी चकतीत करंट फिरतो, ती तापते, आणि मधे धातू आहे हे पॅडला कळलं की तो स्वतःच पॉवर तोडतो, लाईट बहुतेक त्यामुळेच लुकलुकतोय. नुसतं कव्हर 3 मिमीपर्यंत असेल तर सहसा चालतं, त्याहून जाड असेल तर काढूनच ठेवा. मग फोन मधोमध ठेवून अर्धा-एक सेंटीमीटर वर-खाली सरकवून बघा कारण दोन्ही कॉइल समोरासमोर यायला लागतात, फोनची कॉइल बऱ्याचदा पाठीच्या मध्यावर असते. उघडा फोनही चार्ज झाला नाही तर मात्र अडॅप्टर बदलून बघा, जुना 5 वॅटचा फास्ट पॅडला बऱ्याचदा पुरत नाही.